यादीत आधी कोण?

परीक्षा विभागातली विषयांची यादी बहुधा विभागवार लावलेली असते. आधी मराठीचे पेपर, मग इतिहासाचे, मग अर्थशास्त्राचे. अशी यादी वाचायला सोपी जाते आणि कुठला पेपर कोण तपासणार हेही लगेच कळतं. पण हीच यादी समोर ठेवून कुणी वरून खाली एकेक पेपर वेळापत्रकात बसवत गेलं, तर दोन स्लॉटमध्ये उरकणारी परीक्षा पाच स्लॉट खाऊ शकते. पेपर तेच, विद्यार्थी तेच आणि पेपर बसवायचा नियमही तोच. फरक एवढाच की कुठला पेपर आधी हातात घेतला. गणितातली ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळता येते.

आधी नियम पाहू. प्रत्येक पेपरसाठी कागदावर एक ठिपका काढायचा. ज्या दोन पेपरना बसणारा निदान एक विद्यार्थी सामाईक आहे, ते दोन ठिपके रेषेने जोडायचे. रेषा असेल तर ते दोन पेपर एका वेळी ठेवता येणार नाहीत, नसेल तर ठेवता येतील. आता प्रत्येक स्लॉटला एक रंग द्या. पहिला स्लॉट तांबडा, दुसरा निळा, तिसरा हिरवा. मग वेळापत्रक करणं म्हणजे ठिपके असे रंगवणं, की एकाही रेषेच्या दोन्ही टोकांना एकच रंग येऊ नये. जितके रंग लागतील तितके स्लॉट.

रंगवायची सर्वांत सोपी रीत अशी. यादीतला पहिला ठिपका घ्या आणि त्याला पहिला रंग द्या. पुढचा घ्या आणि त्याच्या जोडलेल्या शेजाऱ्यांना न दिलेला, सर्वांत लहान क्रमांकाचा रंग त्याला द्या. असंच शेवटपर्यंत. एकदा दिलेला रंग परत काढायचा नाही. हिला ग्रीडी, म्हणजे हावरी रीत म्हणतात, कारण ती हातातल्या पेपरची आत्ताची सोय बघते आणि पुढे कोण उभं आहे हे बघत नाही. वेळापत्रक हाताने करणारे बहुतेक लोक तिचं नावही न ऐकता हीच रीत वापरतात.

तिच्यातली अडचण चार पेपरांतही दिसते. एका विद्यार्थिनीचे पेपर मराठी आणि इतिहास, दुसऱ्याचे इतिहास आणि अर्थशास्त्र, तिसरीचे अर्थशास्त्र आणि भूगोल. ठिपक्यांची साखळी झाली: मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल. याच क्रमाने गेलं तर मराठी पहिल्या स्लॉटमध्ये, इतिहास दुसऱ्या, अर्थशास्त्र पुन्हा पहिल्या आणि भूगोल दुसऱ्या. दोन स्लॉटमध्ये काम झालं. आता साखळीची दोन टोकं आधी घेऊ. मराठी पहिल्या स्लॉटमध्ये. भूगोलाचा मराठीशी संबंध नाही, म्हणून तोही पहिल्या स्लॉटमध्ये. इतिहासाला मराठी नडतो, म्हणून तो दुसऱ्या. अर्थशास्त्र आलं, तर त्याच्या एका बाजूला पहिल्या स्लॉटमधला भूगोल आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या स्लॉटमधला इतिहास. त्याला तिसरा स्लॉट उघडावाच लागतो. चूक अर्थशास्त्रापाशी दिसते खरी, पण ती भूगोल बसवताना झालेली असते.

साखळीच्या उदाहरणावर लगेच सुचतो तो उपाय म्हणजे ज्यांच्या अडचणी जास्त, त्यांना आधी बसवायचं. इथे मधल्या दोन पेपरना दोन-दोन रेषा आहेत आणि टोकांना एकेक. इतिहास आणि अर्थशास्त्र आधी बसवा, मग टोकं कशीही घ्या, दोनच स्लॉट लागतात. डॉमिनिक वेल्श आणि एम. बी. पॉवेल यांनी 1967 साली ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये जो छोटा लेख लिहिला, त्यात नेमका हाच क्रम आहे: जास्त रेषांचा ठिपका आधी, कमी रेषांचा नंतर. त्या लेखाच्या शीर्षकातच वेळापत्रकाचा उल्लेख होता. ठिपके रंगवायचं गणित त्याआधी बरंच जुनं होतं, नकाशातले शेजारी प्रदेश वेगवेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग पुरतात का, या 1852 सालच्या प्रश्नातून निघालेलं. वेल्श आणि पॉवेल यांनी ते सरळ वेळापत्रकाच्या टेबलावर आणून ठेवलं.

हा उपाय बऱ्याचदा चालतो. सर्वांना सक्तीचा इंग्रजीचा पेपर असेल तर त्याच्या रेषा सगळीकडे गेलेल्या असतात. तो आधी बसवून मोकळं होणं शहाणपणाचंच. पण सगळ्या पेपरना सारख्याच रेषा असतील तर? मग हा उपाय मुका होतो. आणि तशी परिस्थिती आपल्याकडच्या आताच्या महाविद्यालयांत अगदी सहज उभी राहते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला एक मेजर विषय घ्यायचा असतो आणि एक मायनर. समजा एका महाविद्यालयात पाच विभाग आहेत: मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र. प्रत्येक विभागाचा या सहामाहीत एक मेजर पेपर आहे आणि एक मायनर. एकूण दहा पेपर. ज्याचा मेजर मराठी आहे तो मायनर म्हणून उरलेल्या चारांपैकी एक घेतो, मराठीच परत घेत नाही. आणि समजा प्रत्येक शक्य जोडी घेणारा कुणी ना कुणी विद्यार्थी आहे. म्हणजे मराठी मेजरची रेषा इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र यांच्या मायनर पेपरना जाते, पण मराठी मायनरला जात नाही. प्रत्येक विभागाचं असंच. दहाही ठिपक्यांना बरोबर चार-चार रेषा.

उत्तर नुसतं बघूनही सांगता येतं. पाचही मेजर सकाळी, पाचही मायनर दुपारी. कुणाही विद्यार्थ्याचे दोन मेजर नाहीत आणि दोन मायनरही नाहीत, तेव्हा दोन स्लॉट पुरतात.

आता विभागवार यादी घेऊन हावऱ्या रीतीने चालू. मराठी मेजर पहिल्या स्लॉटमध्ये. मराठी मायनर: मराठी मेजर आणि मराठी मायनर दोन्ही देणारा कुणी नाही, म्हणून तोही पहिल्या स्लॉटमध्ये. इथपर्यंत सगळं छान वाटतं, मराठी विभागाचं काम एकाच वेळी उरकलं. इतिहास मेजर: त्याचे काही विद्यार्थी मराठी मायनर घेतात आणि तो पहिल्या स्लॉटमध्ये आहे, म्हणून दुसरा. इतिहास मायनर: तो मराठी मेजरवाल्यांकडे आहे, म्हणून पहिला चालत नाही. इतिहास मेजरशी त्याचं भांडण नाही, म्हणून दुसरा. अर्थशास्त्र मेजरला पहिल्या स्लॉटमध्ये मराठी मायनर आडवा येतो आणि दुसऱ्यात इतिहास मायनर, म्हणून तिसरा. अर्थशास्त्र मायनर त्याच्याच शेजारी. भूगोलाचे दोन्ही चौथ्यात, मानसशास्त्राचे दोन्ही पाचव्यात. झाले पाच स्लॉट. दहा विभाग असते तर दहा झाले असते आणि तेव्हाही गरज दोनचीच असती.

पाचाच्या पुढे मात्र ही रीत इथे जाऊच शकत नाही. प्रत्येक पेपरला चारच रेषा आहेत, म्हणजे त्याच्यासाठी फार तर चार स्लॉट अडलेले असणार. पहिल्या पाचांतला एक तरी मोकळा सापडतोच. हावऱ्या रीतीची ही हमी सगळीकडे लागू आहे: सर्वांत जास्त रेषा असलेल्या ठिपक्याच्या रेषा मोजा आणि एक मिळवा, त्याहून जास्त रंग कधीच लागत नाहीत. विभागवार यादीने आपल्याला बरोबर त्या हमीच्या शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं. जास्त रेषांचा ठिपका आधी, हा नियम लावावा तर सगळे सारखेच. बरोबरी झाली की यादी मूळच्या क्रमात राहते आणि परत पाचच येतात.

मग चांगला क्रम असतो तरी का? असतो, नेहमीच असतो, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. समजा कुणीतरी सर्वांत कमी स्लॉटचं वेळापत्रक तुमच्या हातात दिलं. त्यातले पहिल्या स्लॉटचे सगळे पेपर आधी लिहा, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. या क्रमाने हावरी रीत चालवली तर पहिल्या गटातले पेपर पहिल्या स्लॉटमध्ये जातात, कारण ते एकमेकांना अडवत नाहीत. दुसऱ्या गटातला पेपर दुसऱ्या स्लॉटमध्ये नक्की मावतो, जमलं तर पहिल्यातही सरकतो. प्रत्येक पेपर आपल्या मूळच्या जागी किंवा तिच्या आधी बसतो, मागे जायची वेळ कुणावर येत नाही. म्हणजे हावऱ्या रीतीत दोष नाही, योग्य क्रम दिला तर ती सर्वोत्तम उत्तर काढून देते. सगळा प्रश्न तो क्रम सापडण्याचा आहे. दहा पेपर मांडायचे क्रम 36,28,800 होतात. संगणक तेवढे एकेक करून तपासेल, पण पेपर पन्नासच्या घरात गेले की तेही शक्य राहत नाही. किमान किती रंग लागतील हे मोठ्या आलेखांसाठी खात्रीने आणि झटपट सांगणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी 1972 साली कठीण प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी केली, तिच्यात हा प्रश्नही आहे.

वरच्या युक्तिवादातून एक सोपी दुरुस्ती सुचते. आपलं आहे तेच वेळापत्रक घ्यायचं, स्लॉटचे गट तसेच ठेवून गटांचा क्रम बदलायचा, शेवटचा गट आधी आणायचा आणि हावरी रीत पुन्हा चालवायची. स्लॉट वाढण्याची भीती नाही, कमी होण्याची मात्र शक्यता आहे. अनेकदा एखाददुसरा स्लॉट खरंच वाचतो. पण आपल्या पाच स्लॉटच्या वेळापत्रकावर हे करून पाहा. पहिल्या गटात मराठीचे दोन, दुसऱ्यात इतिहासाचे दोन. इतिहासाचा मेजर मराठीच्या मायनरला अडतो आणि इतिहासाचा मायनर मराठीच्या मेजरला. कुठलाही विभाग आधी आणा, दुसऱ्या विभागाचा एकही पेपर त्याच्या स्लॉटमध्ये शिरू शकत नाही. पाचाचे पाचच राहतात. कितीही वेळा गट फिरवले तरी सुटका नाही, कारण दोष गटांच्या क्रमात नसून गटांच्या आतल्या जोड्यांत आहे.

यातून वाट काढली डॅनियल ब्रेलाझ या स्वित्झर्लंडमधल्या गणितज्ञाने. त्याचा लेख 1979 सालचा. (त्याच वर्षी तो हरित पक्षीयांकडून स्विस संसदेत निवडून गेला आणि पुढे अनेक वर्षं लोझान शहराचा महापौर होता.) त्याचं म्हणणं असं की क्रम आधी ठरवूच नका, रंगवता रंगवता ठरवा. प्रत्येक पायरीला हे पाहा की न बसवलेल्या पेपरांपैकी कुणासमोरचे सर्वांत जास्त वेगवेगळे स्लॉट बंद झाले आहेत. त्याला पुढे घ्या. बरोबरी झाली तर ज्याच्या रेषा उरलेल्या पेपरांत जास्त, तो घ्या. या रीतीला डीसॅटर म्हणतात.

आपल्या दहा पेपरांवर ती लावू. मराठी मेजर पहिल्या स्लॉटमध्ये गेला. आता कुणावर परिणाम झाला? इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र यांच्या मायनर पेपरांवर. त्यांच्यासाठी एकेक स्लॉट बंद झाला. मराठी मायनरसाठी काहीच बंद झालेलं नाही, म्हणून यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर असला तरी त्याची पाळी येत नाही. सगळा फरक या एका ठिकाणी पडतो. पुढे येतो इतिहास मायनर, आणि तो दुसऱ्या स्लॉटमध्ये जातो. मग अर्थशास्त्र मेजर घ्या, त्याला फक्त दुसरा स्लॉट बंद आहे, तो पहिल्यात जातो. अर्थशास्त्र मायनरला फक्त पहिला बंद, तो दुसऱ्यात. असं करता करता मेजर सगळे पहिल्या स्लॉटमध्ये आणि मायनर सगळे दुसऱ्यात जाऊन बसतात. मराठी मायनरची पाळी येते तोवर त्याच्या शेजारच्या मेजरांनी पहिला स्लॉट धरलेला असतो आणि तो आपोआप दुसऱ्यात जातो. ठिपके असे दोन गटांत विभागता येत असतील, की सगळ्या रेषा एका गटातून दुसऱ्या गटात जातात आणि गटाच्या आत एकही नाही, तर डीसॅटर दरवेळी दोनच रंग वापरते. गुंतागुंतीच्या आलेखांत तिचंही चुकतं, पण हाताने करण्याजोग्या रीतींत मला हिच्याइतकी भरवशाची दुसरी वाटत नाही.

वेळापत्रक हातात आल्यावर ते उधळं आहे की खरंच तेवढे स्लॉट लागतात, हे ओळखायचं कसं? त्यासाठी उलट बाजूने मोजायचं. असे पेपर शोधा, की त्यांतल्या प्रत्येकाची उरलेल्या प्रत्येकाशी रेषा आहे. असे चार पेपर सापडले तर चारापेक्षा कमी स्लॉटमध्ये परीक्षा होणारच नाही, मग क्रम कुठलाही लावा. एकाच विद्यार्थ्याचे चार पेपर असतील तर ते असा गट असतातच, म्हणून निदान सर्वांत जास्त पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याचे पेपर मोजून घ्यावेत. आपल्या उदाहरणात असा सर्वांत मोठा गट दोनच पेपरांचा निघतो आणि वेळापत्रक पाच स्लॉटचं. दोन आणि पाच यांच्यामधली दरी दिसली की समजावं, यादीचा क्रम पुन्हा तपासायला हवा. ही खूण पुरी मात्र नाही. पाच पेपर गोल कड्यात एकमेकांना जोडलेले असतील, तर एकमेकांशी भिडणारे तीन पेपर त्यात कुठेच नाहीत, तरीही तीन स्लॉट लागतात.

आता एटीकेटीचा विचार करू. एका विद्यार्थ्याने मेजर बदलला. तो आधी इतिहासाचा होता, आता मराठीचा आहे. मायनर त्याने आधीच पास केला आहे, पण इतिहास मेजरचा पेपर राहिला आहे. त्याला या खेपेला दोनच पेपर द्यायचे आहेत, मराठी मेजर आणि इतिहास मेजर. कागदावर एक नवी रेषा पडली, मेजर ते मेजर. अर्थशास्त्र मायनरकडे मराठी मेजरचे विद्यार्थीही आहेत आणि इतिहास मेजरचेही. म्हणजे मराठी मेजर, इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असा त्रिकोण तयार झाला. तीन पेपर देणारा विद्यार्थी एकही नाही, तरी तीन स्लॉटशिवाय आता गत्यंतर नाही. म्हणून मला वाटतं की वेळापत्रक प्रवेशाच्या यादीवरून करू नये, भरून आलेल्या परीक्षा फॉर्मवरून करावं. ही रेषा फक्त तिथेच दिसते. नाहीतर ती दिसते हॉल तिकिटं वाटल्यावर, जेव्हा तो मुलगा दोन पेपर एकाच वेळी आले म्हणून कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहतो.

खऱ्या परीक्षांत रेषा हजारोंनी असतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथल्या वाणिज्य महाविद्यालयाची 1992 सालची माहिती संशोधक आजही चाचणीसाठी वापरतात. 81 पेपर, 2823 विद्यार्थी आणि स्लॉट 18. मायकेल कार्टर, गिल्बर्ट लापोर्त आणि एस. वाय. ली यांनी 1996 साली असे अनेक संच प्रसिद्ध केले. त्यांनी नुसते रंग मोजले नाहीत, मुलांना मिळणारी उसंतही मोजली. एखाद्या विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या स्लॉटमध्ये आले तर 16 गुणांचा दंड, एक स्लॉट सोडून आले तर 8, मग 4, 2 आणि 1. रंग ठरल्यावर कुठला रंग कुठल्या दिवशी येतो हे मोकळं असतं, म्हणून स्लॉटची अदलाबदल करून हा दंड खाली आणता येतो.

हावऱ्या रीतीची आणखी एक सवय इथे आडवी येते. ती प्रत्येक पेपर लहानात लहान क्रमांकाच्या स्लॉटमध्ये ढकलते, म्हणून पहिले स्लॉट गच्च भरतात आणि शेवटच्यात एखाददुसरा पेपर उरतो. वर्गखोल्या आणि सुपरव्हिजनला माणसं मोजकीच असताना हे परवडत नाही. आपल्या एटीकेटीच्या वेळापत्रकाचं तसंच झालं आहे. पहिल्या स्लॉटमध्ये मराठी, अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र यांचे चार मेजर, दुसऱ्यात पाचही मायनर आणि तिसऱ्यात एकटा इतिहास मेजर. दुसऱ्या स्लॉटमधला कुठला पेपर तिसऱ्यात हलवता येईल? इतिहास मेजरशी ज्याची रेषा नाही असा मायनर एकच आहे, इतिहास मायनर. तो हलवला की चार, चार आणि दोन अशी वाटणी होते. विभागवार यादीने सुरुवातीलाच जी जोडी लावून दिली होती, तीच इतिहासाच्या दोन पेपरांची जोडी आता तिसऱ्या स्लॉटमध्ये बसते, आणि या वेळी तिच्यामुळे एकही स्लॉट वाढत नाही.